एका बैलाची किंमत, जोडीचा साज

पोळा तीन आठवड्यांवर आला असताना मी मैमूनाबींचं दुकान अर्ध्या किमतीत विकायला काढलं. तेही त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पीत.

जाफराबादेत बैलांचा साज म्हटलं की मैमूनाबी. झूल, गोंडे, मोरखी, घुंगरमाळ, सगळं त्यांच्या घरात तयार होतं. शिलाई त्यांची, घुंगरं आणि चामडं त्यांचे मिस्टर ख्वाजामियाँ यांचं. ख्वाजामियाँ दिवसाला चार वाक्यं बोलतात आणि त्यातली दोन चहाबद्दल असतात. उरलेलं सगळं बोलणं मैमूनाबींकडं आहे. बाजारात गिऱ्हाईक झूल हातात घेऊन नाक मुरडायला लागलं की त्या सांगतात, "घेऊ नका हो. पण नाक मुरडून तिच्यावर घाम नका गाळू." गिऱ्हाईक हसतं आणि झूल घेऊन जातं.

मी सहकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. रिकामा. म्हणून त्यांना म्हटलं, भाभी, आता साज ऑनलाइन विका, सगळं मी बघतो. 'सगळं मी बघतो' हे वाक्य मी बँकेतही फार वापरायचो. बँक तरली, ते वेगळं.

एका विक्रीच्या साइटवर मैमूनाबींच्या नावानं पान उघडलं. फोटो झकास काढले. गल्लीतल्या अप्पारावांची जोडी सजवून उभी केली. नाव लिहिलं, 'पोळ्याचा संपूर्ण साज, बैलजोडीसाठी'. खाली मापं भरायला दोन रकाने केले, डावा बैल आणि उजवा बैल, कारण मैमूनाबी मानेच्या मापाशिवाय घुंगरमाळेच्या पट्ट्याला सुई लावत नाहीत. मग किमतीचा रकाना आला. तिथं छापलेलं होतं, 'प्रति नग किंमत'. जोडीचा भाव चोवीसशे. नग म्हणजे एक. एक बैल म्हणजे बाराशे. मी बाराशे लिहिले आणि आपण किती बारकाईनं वाचतो याचा मला अभिमान वाटला.

हा झाला शनिवार. सोमवारी सकाळी बदनापूरहून बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. मैमूनाबींनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"मावशी, पैसे तर भरले म्या. पण बाराशेत जोडी म्हंजे कापड सडकं तर न्हाई ना?"

"कुणाचं सडकं?"

"तुमचं. इतकं स्वस्त हाये, म्हून इचारून राह्यलो. राग मानू नका."

मैमूनाबींनी राग मानला नाही, मशिन थांबवलं. माझ्याकडं बघितलं. मी मोबाइलकडं बघितलं. ख्वाजामियाँनी दिवसाचं पहिलं वाक्य वापरलं, "चाय ठेवू का?"

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. पण त्यांनी आधी विक्री बंद करायला लावली. मी शिल्लक मालाच्या रकान्यात शून्य टाकलं. मग किंमत चोवीसशे केली. मग आलेल्या ऑर्डरी उघडल्या. सोळा जणांनी पैसे भरले होते. आणखी काही जणांनी माल हातात आल्यावर पैसे देऊ असं निवडलं होतं.

खरी गोची अशी. मैमूनाबींचं वर्ष पोळ्यावर चालतं. उरलेले अकरा महिने त्या उशांच्या खोळी शिवतात, त्यावर घर चालत नाही. जोडीच्या साजाचं कापड, सूत, पितळ यातच बाराशे जवळजवळ संपतात. म्हणजे त्या भावात साज गेला तर दोघांची मजुरी शून्य. आणि नाही गेला, तर पंचक्रोशीत नाव जाणार.

"काळजी करू नका," मी म्हणालो, "मी निवेदन लिहितो."

तासाभरात लिहिलंही. वाचून दाखवायला उभा राहिलो. 'सुजाण व सहृदय ग्राहकहो, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव आमच्या संकेतस्थळावरील मूल्यनिर्देशात किंचित विसंगती निर्माण झाल्याचे निदर्शनास आले असून...'

"थांबा," मैमूनाबी म्हणाल्या. "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मंग असं का वाचून राह्यले? आणि तांत्रिक म्हंजे कोण? तुम्हीच ना?"

"तसं लिहायची पद्धत असते, भाभी."

"किंमत कुठं आली?"

किंमत तिसऱ्या परिच्छेदात आली होती. त्यांनी तिथपर्यंत ऐकून घेतलं. मी लिहिलं होतं की प्रत्यक्षात बाराशे हा एका बैलाचा भाव असून ज्यांनी पैसे भरले त्यांची मागणी एका बैलाची समजण्यात येईल, आणि उरलेले बाराशे गुरुवारपर्यंत न आल्यास ती रद्द होईल. मला ही वाट फार सुरेख वाटत होती. कुणाचं काही बुडत नव्हतं.

"एका बैलाचा साज," मैमूनाबी सावकाश म्हणाल्या. "आणि दुसरा काय करंल? त्याला सांगणार का, तू पुढच्या वर्षी?"

ख्वाजामियाँ घुंगरं ओवता ओवता हसले. त्यांचं हसणं वाक्यांत धरत नाहीत.

"कायद्यानं आपण रद्द करून पैसे परत देऊ शकतो," मी म्हटलं. "चूक आहे हे उघड आहे. जोडीचा भाव बाराशे कुठंच नाही."

"ऑर्डर दाखवा."

दाखवल्या. त्यांनी बोटानं एकेक वर सरकवली. बद्रीनाथ, डावा बैल बेचाळीस इंच, उजवा चाळीस. त्याच्याखालच्यानं लिहिलं होतं, डावा मारकुटा आहे, माप अंदाजे. एका बाईनं मापाच्या रकान्यात बैलांची नावंही टाकली होती.

"दोन मापं हायेत सगळ्यांची," त्या म्हणाल्या. "जोडी दिसली, जोडी लिहिलेली वाचली, दोन बैलांच्या माना मोजल्या आणि पैसे भरले. बैलबाजारात इसार घेतला की दावं हातात द्यावं लागतं, साहेब. मंग म्हणता येत न्हाई की म्या शेपटीचा भाव सांगितल्ता."

"पण मजुरी जाईल तुमची."

"जाईल." त्यांनी दोरा तोंडात धरून तोडला. "आता लिहा."

पण लगेच लिहून झालं नाही, कारण सोळावी ऑर्डर समोर आली. एकाच माणसाच्या दहा जोड्या. वीसच्या वीस मापं चाळीस इंच.

"याच्या घरी बैल हायेत का ठोकळे?" मैमूनाबी म्हणाल्या.

तो भोकरदनकडचा व्यापारी निघाला. अर्ध्या भावात उचलून बाजारात पूर्ण भावात विकणार, हे सरळ होतं. त्याला बाराशेनं दहा जोड्या द्यायच्या तर बाकीच्यांचे साज पोळ्याआधी होणार नव्हते. मैमूनाबी बोटांवर दिवस मोजायला लागल्या. मी संधी साधून सुचवलं की मर्यादा घाला, घरटी दोन जोड्या, आणि ती सगळ्यांना सारखी लावा. त्याच्या एकट्यासाठी नियम केला तर भांडायला येईल.

"हे बराबर," त्या म्हणाल्या. बँकेत मला एवढ्या मनापासून कुणी 'बराबर' म्हटलं नव्हतं.

मग आम्ही भांडत लिहिलं. रद्द झालेल्या ऑर्डरींच्या पैशांबद्दल त्यांनी सांगितलं, "उद्या परत देऊ." मी म्हणालो, तसं लिहू नका, पैसे आले त्याच खात्यात साइटवरून परत जातात आणि बँका पाच ते सात दिवस लावतात, मी स्वतः लावलेत. त्यांनी मान्य केलं. भामट्यांबद्दलची ओळही माझी. पैसे परत मिळणार म्हटलं की 'लिंक दाबा' म्हणणारे टपून बसलेले असतात. 'किंचित विसंगती' त्यांनी खोडली. मी 'दिलगीर' वाचवायला बघितला, तर म्हणाल्या, "माफी एकदा मागा, लोटांगण नको. वाचणाऱ्याला आपल्या जोडीचं काय झालं ते बघायचंय." शेवटी तयार झालं ते असं:

'बैलजोडीच्या साजाची किंमत आम्ही शनिवारी संध्याकाळी चुकून १२०० रुपये छापली. खरी किंमत २४०० रुपये आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता ती दुरुस्त केली. चूक आमची आहे, माफ करा.

त्याआधी ज्यांनी पैसे भरले त्यांना पूर्ण जोडीचा साज १२०० रुपयांतच मिळेल, पोळ्याआधी मिळेल. त्यांनी काहीही करायची गरज नाही. ही किंमत एका घराला दोन जोड्यांपर्यंत आहे. त्यावरच्या जोड्यांचे पैसे पूर्ण परत जातील.

ज्यांना साज नको असेल त्यांनी बुधवारपर्यंत कळवावं. पैसे काही न कापता, भरले त्याच खात्यात, पाच ते सात दिवसांत परत जातील.

ज्यांनी ऑर्डर दिली पण पैसे भरले नाहीत त्यांना आम्ही फोन करू. २४०० ला हवा असेल तर पाठवू, नसेल तर ऑर्डर रद्द, कसलाही खर्च नाही.

पैसे परत देण्यासाठी आम्ही लिंक पाठवत नाही आणि ओटीपी विचारत नाही.

मैमूनाबी, जाफराबाद.'

खाली फोन नंबर टाकला. पानावर सगळ्यात वर लावलं, आणि पैसे भरलेल्या सोळाही जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळं पाठवलं.

पहिला फोन व्यापाऱ्याचा.

"मावशी, भाव छापलाय तुम्ही. दहाच्या दहा द्याव्या लागतील."

"देते की," मैमूनाबी म्हणाल्या. "वीस बैल घेऊन या जाफराबादला. प्रत्येकाची मान मोजून शिवते. गल्ली मोठी हाये."

त्यानं दोन जोड्या घेतल्या. मापं मात्र खरी पाठवली, आणि ती वेगवेगळी होती.

दुसरा फोन बद्रीनाथचा. तो म्हणाला, मावशी, कापड सडकं न्हाई ना, मंग म्या बाराशेत कसा घेऊ? उरलेले अर्धे पैसे पाठवतो. मैमूनाबी नको म्हणाल्या. तो पाठवतोच म्हणाला. शेवटी ठरलं की त्यानं पाठवायचे नाहीत, पण पोळ्याला त्याची जोडी गावात सगळ्यांत पुढं चालवायची आणि विचारेल त्याला साज कुठला ते सांगायचं. बाकीच्यांनी काही कळवलं नाही. काही करायची गरज नाही असंच आम्ही लिहिलं होतं. मलाच उगीच दोन दिवस वाटत राहिलं की कुणीतरी कौतुक कळवावं.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात मशिनचा आवाज थांबला नाही. ख्वाजामियाँ बोलायचे बंद झाले, म्हणजे चार वाक्यांवरून दोनवर आले. मी पार्सलं बांधली. एकावर पत्ता उलटा चिकटवला, तो मैमूनाबींनी काढून सरळ लावला.

त्या अर्ध्या भावाच्या जोड्यांत मजुरी गेली ती गेलीच. पण निवेदनाचा फोटो काढून कुणीतरी गावोगावच्या गटांत टाकला. जो माणूस स्वतःची चूक अशी सरळ लिहितो त्याचा टाका कच्चा नसणार, असं लोकांना वाटलं असावं. चोवीसशेच्या भावानं एवढ्या मागण्या आल्या, की पोळ्याच्या आठ दिवस आधी शिल्लक मालाच्या रकान्यात मी पुन्हा शून्य टाकलं. या वेळी आनंदानं.

पोळ्याच्या संध्याकाळी बद्रीनाथनं फोटो पाठवला. दोन बैल, दोन झुली, मध्ये तो स्वतः, तिघांचीही मान ताठ. मैमूनाबी फोटो मोठा करून टाके बघत होत्या. वर्ष भरून निघालं होतं, त्या खुशीत होत्या, म्हणून मी हळूच विषय काढला.

"भाभी, पुढच्या पोळ्याला पानावर किंमत मीच टाकू ना?"

त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही.

"तुम्ही मारकुट्या बैलाच्या मानेचं माप घ्या, साहेब, किमतीला मी हाये."