उणे बाजूचा आलेख

शाळेत गणिताच्या बाईंना कंसबाई म्हणत. मुलांनी ठेवलेलं नाव, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. कारण साधं होतं. बहुपदी सम की विषम हे तपासायचं, तर x च्या जागी उणे x घालायचा, आणि तोही कंसात. बहुपदी तशीच राहिली तर सम, सगळी चिन्हं उलटली तर विषम. कंस विसरला की मुलं उणे x चा चौथा घात उणेच ठेवत आणि मग सगळंच उलटंपालटं होई. कंस विसरणाऱ्याला बाई फळ्यासमोर बोलावून तेच गणित पुन्हा करायला लावीत. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नका," त्या म्हणत. "आधी कंस, मग निकाल." जुनी मुलं रस्त्यात भेटली तरी त्यांना आधी कंसच आठवे.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बाईंचा नवरा गेला. आजार लांबला नाही, निरोपाला वेळ मिळाला नाही. बाई रडल्या नाहीत. लोक म्हणत, एकदा मनसोक्त रडा, मोकळं वाटेल. बाई मान डोलवायच्या. नणंद राहायला आली होती, ती ताट वाढायची आणि ताट समोर आलं म्हणून बाई जेवायच्या. काय खाल्लं असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुःख आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याची भीतीही वाटत नव्हती.

एकच गोष्ट त्यांना पक्की कळत होती. वर्ग हातातून गेला तर आपण घरी खुर्चीत बसू आणि मग उठणार नाही.

मुख्याध्यापकांच्या मनात नेमकं तेच चाललं होतं. माणूस भला, पण भला माणूस एकदा काळजी करायला लागला की त्याला आवरणं कठीण. बाईंना वर्षभर ग्रंथालयात बसवावं, वर्ग बदली शिक्षकाकडे द्यावा, असा त्यांचा बेत. बाईंनी वर्ग मागितला तेव्हा ते म्हणाले, एक तास मागे बसून बघतो, मग ठरवू. ते स्वतः भाषा शिकवत. गणिताशी त्यांचं कधी जमलं नव्हतं.

त्या तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलं: f(x) = x⁴ + x³ − x. हात सवयीने चालत होता, आवाज सवयीने निघत होता. x च्या जागी एक घातला, उत्तर एक आलं. उणे एक घातला, तरी एकच. "दोन्हीकडे सारखं," बाई म्हणाल्या, "म्हणजे ही सम." मग उभ्या अक्षाच्या उजवीकडचा आलेख काढला. आरंभबिंदूपासून थोडा खाली उतरून वर चढत जाणारा. आणि आरशात दिसावा तसा तोच डावीकडे उतरवला. रेघ सुरेख आली. मुलांनी उतरवून घेतली. मुख्याध्यापक मागून उठले, दारात थांबून म्हणाले की शंकाच नको, वर्ग तुमचाच. बाईंना आनंद झाला नाही. खुर्चीत बसणं टळलं एवढं त्यांनी मनात नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांच्या खोलीत एक मुलगी आली. मागच्या बाकावरची, कमी बोलणारी. तिच्या हातात आलेखाचा कागद होता आणि डावीकडच्या भागात तो खोडून खोडून इतका विरला होता की आरपार उजेड दिसत होता.

"बाई, माझी डावी बाजू येत नाहीये," ती म्हणाली. "मी अर्धा घालून बघितला. उजवीकडे रेघ खाली जाते, पण उणे अर्ध्याला ती वरच राहते. तीनदा केलं. मी कुठे चुकतेय?"

बाईंनी कागद घेतला. उणे अर्ध्याचा चौथा घात, एक सोळांश. तिसरा घात उणे, म्हणून वजा एक अष्टमांश. आणि उणे उणे अर्धा म्हणजे अधिक अर्धा. बेरीज सात सोळांश. अक्षाच्या वर. मुलीचा बिंदू जिथे हवा होता तिथेच होता. मग बाईंनी फळ्यावरची ओळ आठवली. मधला तिसरा घात, शेवटचा साधा x. दोन्ही विषम, आणि पुढे चौथा घात, सम. उणे x घातला की पहिलं पद तसंच राहणार, पुढच्या दोन पदांची चिन्हं उलटणार. ही सम नव्हती. विषमही नव्हती. एक आणि उणे एकला उत्तरं जुळली, कारण तिथे x³ आणि x एकमेकांना खाऊन टाकतात. एका ठिकाणी जुळलं म्हणून सगळीकडे जुळतं असं ज्या बाईने आयुष्यभर कुणाला म्हणू दिलं नाही, तिने स्वतःच तसं म्हटलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. मुलीला म्हणायचं, चुकलीस, पुन्हा कर. ती पुन्हा खोडत बसली असती. मुख्याध्यापकांना कळायचा प्रश्नच नव्हता. आणि सांगितलं, तर ते हळहळून म्हणणार, बघा, मी म्हणत होतो ना, विश्रांती घ्या. बाईंनी हे सगळं थंडपणे तोलून पाहिलं. मग त्या विरलेल्या कागदाकडे पुन्हा पाहिलं आणि त्यांना लाज वाटली. फार दिवसांनी काहीतरी वाटलं होतं.

"तू चुकली नाहीस," त्या म्हणाल्या. "मी चुकले."

तशाच उठून त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या की काल बसला होतात तसं आजही मागे बसा, कालचं चुकलं आहे. त्यांना काय चुकलं ते कळलं नाही, पण ते आले.

बाईंनी कालचीच बहुपदी लिहिली. खाली f(−x), प्रत्येक पदाला कंस. चौथा घात तसाच. तिसरा उणे. शेवटचा अधिक. पहिल्या ओळीशी जुळत नाही, म्हणून सम नाही. पहिल्या ओळीची सगळी चिन्हं उलटली तरी जुळत नाही, म्हणून विषमही नाही. आरसा नाही, आणि आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा देऊनही ती स्वतःवर बसत नाही. काल एकच किंमत घालून मी निकाल दिला, असं त्यांनी सरळ सांगितलं. एक किंमत जुळली नाही तर "सम नाही" म्हणता येतं, जुळली म्हणून "सम आहे" म्हणता येत नाही. वर्गात कुणी हसलं नाही.

मग त्यांनी उजवी बाजू काढली आणि खडू थांबवला.

"बाई, आता डावी बाजू कशी काढायची?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. "उजवीवरून नाही ना येणार?"

"नाही येणार," बाई म्हणाल्या. "उजवीकडे जे होतं, त्यावरून डावीकडचं काहीच सांगता येत नाही. तिथे एकेक किंमत घालून बघावं लागतं. दुसरा मार्ग..."

त्या फळ्याकडे वळल्या, उणे एक लिहिलं, पुढे एक लिहिलं आणि बिंदू दिला. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण हातात खडू होता.

मुख्याध्यापक मागून उठून फळ्यापर्यंत आले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "बसा आता. मी सोडतो वर्ग."

"नको," बाई म्हणाल्या. "अजून उणे दोन राहिलंय."

आणि त्यांनी फळ्यावर आधी कंस लिहिला.