देवमन इंगळेंना दिसणारा पिवळा

अमरावतीतल्या एका क्लबच्या जलतरण तलावाचं पाणी देवमन इंगळे सांभाळतात. सकाळी बॅच सुरू व्हायच्या आधी ते काठावर पालथे पडतात, हात कोपरापर्यंत बुडवून आतलं पाणी घेतात आणि रंगपट्टीच्या ठोकळ्यातल्या दोन नळ्या भरतात. एकीत क्लोरीनचे थेंब, दुसरीत पीएचचे. झाकण लावून नळ्या उलट्यासुलट्या करायच्या, पांढरा कागद मागे धरायचा, आणि पाणी शेजारच्या कोणत्या चौकोनाशी जुळतं ते लगेच पाहायचं. क्लोरीन जितकं जास्त, तितकं पिवळं गडद. पीएच वाढला की नारिंगीचं लाल होतं.

या उन्हाळ्यात क्लोरीन रोजच कमी दिसू लागलं. देवमन पावडर वाढवत गेले. पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले, बायकांच्या बॅचमधल्या दोघींचे पोशाख विटले. देवमननी पोशाखाच्या कापडाला दोष दिला.

एका सकाळी बायकांच्या बॅचची कोच आरती ठोकळ्यापाशी येऊन थांबली.

"काका, किती आलं?"

"दीड."

तिनं ठोकळा उजेडाकडे धरला. "दीड नाही. तिनाच्या चौकोनापेक्षाही गडद हाये."

"मले तर दीडच दिसून राहिलं."

तिनं नळी धुऊन नवं पाणी घेतलं, थेंब टाकले. पुन्हा तेच. वाद झाला नाही. तिनाच्या वर क्लोरीन असलं की कुणाला पाण्यात उतरवत नाहीत; आरतीनं बॅच रद्द केली, देवमननी पावडरचा डबा बंद केला. उन्हानं क्लोरीन उतरायची वाट पाहण्याखेरीज काम नव्हतं. ते दिवसभर खुर्चीवर बसून पाण्याकडे पाहत राहिले. एवढी वर्षं याच डोळ्यांच्या भरवशावर लोक पाण्यात उतरत होते, हे त्यांना बरं वाटलं नाही.

घरी मनकर्णाबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग बराबर हाये. तुमी रोज म्हनता, डाळीत हळद काहून नाही. मी तर तेवढीच टाकून राहिली."

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत निघाला. लेक पायल अकोल्याला असते, तिच्याकडे राहून उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी तिच्या घराच्या भिंतीचं कौतुक केलं, नवा रंग चांगला दिला म्हणून. रंग दिलेलाच नव्हता.

कामावर परतल्यावर त्यांनी ठोकळा आधी डाव्या डोळ्यानं पाहिला, मग उजव्यानं. दोन आकडे आले.

"मॅडम, डाव्याचं होईपर्यंत तुमी बी पाहत जा," ते आरतीला म्हणाले. "मी माहा आकडा आधी सांगनार नाही."

तेव्हापासून रोज सकाळी दोघं पाळीपाळीनं पाहतात आणि मग आपापला आकडा सांगतात. क्लोरीनचा जुळतो. पीएचवर कधी कधी आरती साडेसात म्हणते, तर देवमन सात पॉइंट दोन. दोन्हीत पोहता येतं. तरी ते पुन्हा पाणी काढतात.