माफीपेक्षा दंड परवडला

गल्लीत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. दुकान दुसऱ्याचे होते. यांच्या वाट्याला मागची खोली, काच घासण्याचे यंत्र आणि दिवसभर बसून आखडलेली पाठ. तळमजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. अक्काचे गुडघे गेल्यापासून तळमजला ही त्यांची चैन नव्हती, गरज होती. या खोल्या परवडत होत्या त्या एका सवलतीमुळे: वेळेवर भाडे भरणाऱ्याला करार नव्याने करताना भाडेवाढ माफ.

आणि यंदा प्रथमच विलंबशुल्काची चिठ्ठी आली.

भाडे पाच तारखेच्या आत मालकाच्या खात्यात पोचावे, असा करार होता. पगार तीनला होई, म्हणून चष्मेवाल्यांनी बँकेला कायमचे सांगून ठेवले होते की चारला भाडे पाठवा. मालकाचे खाते दुसऱ्या बँकेत, त्यामुळे पैसे पोचायला एक दिवस लागे. या महिन्यात चारला बँकेला सुट्टी पडली. पैसे पाचला निघाले आणि सहाला पोचले.

सकाळी ते बँकेच्या रांगेत उभे राहिले, सगळ्या तारखांचा शिक्क्याचा कागद घेतला आणि अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून मालकाच्या कचेरीत गेले. कारभार पाहणाऱ्या बाई चहात बिस्कीट बुडवत होत्या.

"बसा काका. दंडाचंच ना?"

"दंडाचंच. सुट्टी बँकेची, मी काय करणार?"

बाईंनी करार उघडून त्यांच्यापुढे सरकवला. "वाचा. शेवटच्या दिवशी सुट्टी असेल, तर पुढचा दिवस धरायचा. तुमचा शेवटचा दिवस पाच. पाचला बँक उघडी होती."

चष्मेवाल्यांनी ते कलम दोनदा वाचले. दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी भिंगे घासणाऱ्या माणसाला स्वतःच्या करारातली ही ओळ इतकी वर्षे दिसली नव्हती. भांडायला आणलेला सगळा जोर बसल्या जागी ओसरला.

त्यांचा चेहरा पाहून बाई मऊ झाल्या. "अहो, एवढं तोंड पाडू नका. तुमचं कधी चुकत नाही. दंड माफ करायचा अधिकार आहे मला. हा अर्ज भरा की झालं."

अर्ज छापील होता. 'माझ्या चुकीमुळे भाड्यास विलंब झाला, तरी शुल्क माफ व्हावे.' खाली सहीची रेघ. त्यांनी पेन घेतले आणि तसेच धरून ठेवले.

"मॅडम, सवलतीचं कलम दाखवता जरा?"

बाईंनी पान उलटले. भाडेकरूच्या चुकीने विलंब झाल्यास सवलत रद्द, असे तिथे लिहिले होते.

"म्हणजे यावर सही केली की सवलत गेली."

बाईंचा कप ओठांशीच थांबला. "असा विचार कुणी करत नाही हो. जो येतो तो खुशीत सही करून जातो."

"आणि करार संपल्यावर?"

कप खाली ठेवून बाईंनी अर्ज स्वतःच मागे ओढला.

"दंड भरतो," चष्मेवाले म्हणाले. बोलताना त्यांना फार थकल्यासारखे वाटले. "पण पावतीवर लिहा, विलंब बँकेच्या सुट्टीमुळे. हा कागद फायलीला लावा."

"काका, माफ होत असलेला दंड भरणारे तुम्ही पहिलेच."

"मग तेही लिहा हवं तर."

बाई हसल्या. त्यांनी पावतीवर कारण लिहिले, शिक्का मारला आणि बँकेचा कागद त्यांच्यासमोरच फायलीला टाचला. "मालकांनी विचारलं, तर चूक तुमची नव्हती असं मी सांगेन. कागद आहे, त्यामुळे त्यांनाही नाही म्हणता यायचं नाही." निघताना त्यांनी सुचवले, "पैसे पाठवायची तारीख अलीकडे घ्या मात्र."

"पगार अलीकडे घ्यायला सांगा आमच्या शेठला," असे म्हणून ते उठले.

घरी अक्का दारातल्या खुर्चीत वाट पाहत बसली होती. "काय झालं रे? सुटला दंड?"

"भरून आलो."

"भरून? अरे, भांडायला गेला होतास ना तू? मला पाठवलं असतंस, तर त्या बाईला पाणी पाजून आले असते!"

"माफी मिळत होती. घेतली असती, तर पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावरची स्वस्त खोली शोधावी लागली असती."

अक्काने भावाकडे पाहिले, मग अंगणापलीकडच्या जिन्याकडे.

"हात धुऊन घे," ती म्हणाली. "भात गार झालाय."

चष्मेवाले उंबऱ्यावर टेकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. पाठ वाकत नव्हती. दुपारी पुन्हा यंत्रावर बसायचे होते.