भूमितीच्या पाठांचा आलेख

मला अर्ज लिहायला आवडतं. शाळेत कुणालाही रजा हवी असो, पंखा दुरुस्त करून हवा असो, मसुदा माझ्याकडूनच करून घेतात. 'विनंती विशेष' असं लिहून पुढे सरकलं की माझी लेखणी थांबतच नाही. त्या वेळी मात्र कुणी मागितलेलं नसताना मी स्वतःहून मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. ते पत्र इतकं चांगलं जमलं होतं की मीच ते दोनदा मोठ्याने वाचलं.

आमची शाळा भिवंडीत, नारपोलीच्या अलीकडे आहे. वर्गात निम्मी मुलं कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची आणि निम्मी आसपासच्या गावांतून येणारी. लग्नसराई आली की कुणी मुलुखाला जातं, लावणी आली की कुणी गावाला, आणि मानकोलीच्या गोदामांत सुट्टीचं काम लागलं की मोठी मुलं तिकडे. राहिलेला भाग त्यांना घरी बघता यावा म्हणून आम्ही दहावीचे पाठ मोबाइलवर रेकॉर्ड करून शाळेच्या चॅनेलवर टाकायला लागलो. संगणकाच्या खोलीत तीन पायांच्या तिकाटण्यावर मोबाइल लावायचा, फळा पुसायचा आणि शिकवायचं. चित्रण करणं, वर चढवणं, सगळं माझ्याकडे. बीजगणितही माझ्याकडेच, आणि दहावीची वर्गशिक्षिकाही मीच.

भूमिती सरांकडे होती. सर भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. भावांनी लूम सांभाळले, यांनी खडू. त्या वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि जाण्याआधी दहावीची सगळी भूमिती रेकॉर्ड करून ठेवायची असं त्यांनी मनावर घेतलं होतं. "बाई, मी नसलो तरी शाळेत माझी भूमिती राहील," असं ते मला म्हणायचे. वर्तुळाचं प्रकरण त्यांच्या सगळ्यांत आवडीचं, ते त्यांनी शेवटी ठेवलं होतं. बाकीचं सगळं झालं होतं.

सरांचा पाठ म्हणजे अख्खा तास. रिकाम्या खोलीतही ते आधी फळ्याच्या कोपऱ्यात वार, तारीख लिहायचे, वर सुविचार, दुसऱ्या कोपऱ्यात वर्गाचा पट. हजरच्या पुढे काय लिहायचं, समोर तर कुणी नाही, म्हणून तिथे एक छोटी रेघ. तोवर कॅमेऱ्याकडे पाठ. मग प्रमेय. प्रत्येक पायरीनंतर "लिहून घ्या" म्हणायचे आणि खरोखर थांबायचे, वर्गात थांबतात तसेच. मी तिकाटण्यामागे उभी राहून मनात म्हणायचे, आता कोण लिहून घेतंय हो सर!

तर पत्र. त्यात मी मांडलं होतं की पाठ नुसते चढवून भागत नाही, ते कसे बघितले जातात हेही बघायला हवं. चॅनेलच्या आत प्रत्येक पाठाचा एक आलेख मिळतो. पाठ सुरू केलेल्यांपैकी कोणत्या मिनिटाला किती जण टिकून आहेत, ते ती रेघ दाखवते. रेघ जिथे एकदम खाली येते तिथे बघणारे सोडून जातात. जिथे मध्येच उंचवटा दिसतो तिथे लोक मागे जाऊन पुन्हा बघतात, म्हणजे तो भाग एक तर कठीण आहे किंवा महत्त्वाचा. गळती असेल तिथे पाठ छाटावा, उंचवटा असेल तिथे एक उदाहरण जास्त घालावं, लांब पाठाचे तुकडे करावेत. कोणत्या मुलाने किती बघितलं हे यात कळत नाही, सगळ्यांची मिळून बेरीज असते, तेव्हा पालकांनी हरकत घेण्याजोगं काही नाही, हेही मी लिहिलं. आजही त्यातलं एक वाक्य मला खोडावंसं वाटत नाही. प्रस्ताव चांगलाच होता.

पण पत्राला नमुना हवा. चांगला आलेख माझ्या वर्गसमीकरणाचा जोडला, स्वतःची पाठ थोपटायला मला कधी कुणी लागलं नाही. वाईट आलेखही हवा होता, आणि सरांचा पायथागोरस अगदी हाताशी होता. बघणारे मोजके. सुविचार लिहून होईपर्यंत रेघ उतरणीला लागलेली. मी त्या जागी लाल गोल केला आणि खाली लिहिलं, 'येथे प्रेक्षक पाठ सोडून जातात.' सरांचं नाव घातलं नाही, आणि त्याबद्दल स्वतःला सभ्य समजले. अख्ख्या शाळेत भूमिती एकच माणूस शिकवतो. सरांना आधी विचारावं हे माझ्या मनात आलं होतं. ते नको म्हणतील म्हणून विचारलं नाही.

मोठ्या बाईंना पत्र आवडलं, आणि तिथेच घोळ झाला. त्यांनी ते शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर लावलं. माझा आलेख आला तेव्हा दोघीतिघींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग तो लाल गोल आला. पडद्यावर तो ताटाएवढा दिसत होता. खोलीत कुणीतरी खोकलं.

सर चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, आलेख नीट बघितला आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "म्हणजे बाई, माझा पाठ कुणीच बघत नाही का?"

आणि त्याच क्षणी मला आठवलं.

सरांचे पाठ लांब, आणि आमच्या मुलांच्या घरी एकच मोबाइल, त्यात नेट जेमतेम. "बाई, सरांचा पाठ बघतानाच नेट संपतं," अशी मुलांची ओरड सुरू झाली तेव्हा मीच तोड काढली होती. प्रत्येक पाठाची लहान आकाराची फाइल करून मी ती वर्गाच्या ग्रुपवर टाकत होते. एकाने उतरवून घ्या, बाकीच्यांनी एका मोबाइलवरून दुसऱ्यावर घ्या, नेट लागत नाही, असं वर्गात फळ्यासमोर उभं राहून मीच बजावलं होतं. मोबाइलमध्ये उतरवलेली फाइल कितीही वेळा बघा, चॅनेलला त्याचा पत्ता लागत नाही. चॅनेल फक्त चॅनेलवर आलेल्यांना मोजतं. माझे पाठ आखूड, ते मुलं चॅनेलवरच बघायची. सरांच्या पाठाला तिथे उरले ते चुकून आलेले आणि डोकावून गेलेले. तो आलेख सरांच्या शिकवण्याचा नव्हताच. मी मुलांना जे सांगितलं होतं, त्याचा होता.

एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम. पण मोठ्या बाई कौतुकाने बघत होत्या, पत्र पडद्यावर होतं, आणि मी मान खाली घालून म्हणाले, "तसं नाही सर, थोडं लांब होतं इतकंच."

सर म्हणाले, "असं होय."

बैठकीत ठरलं की सरांचे पाठ चॅनेलवरून काढावेत आणि भूमिती मी आखूड तुकड्यांत पुन्हा करावी. संध्याकाळी मीच ते पाठ एकेक करून बंद केले. हात जड झाला होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. भराभर केले, कुणी मध्येच येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सर संगणकाच्या खोलीत आले आणि म्हणाले, "मला पण शिकवा बाई छोटा पाठ. वर्तुळ तरी नीट करू." सुविचार नाही, तारीख नाही, पट नाही. त्यांनी थेट फळ्यावर वर्तुळ काढलं, हाताने काढलेलं त्यांचं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं यायचं, आणि स्पर्शिकेपाशी आले. "लिहून—" म्हणाले आणि माझ्याकडे बघून थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडखळले. मग खडू फळ्याखालच्या पन्हाळीत ठेवला आणि हसून म्हणाले, "छोडो बाई. या वयात नाही जमत. तुम्हीच करा."

मला रडू आलं होतं. मी मोबाइलची वायर गुंडाळत राहिले.

महिना उलटला असेल नसेल. मानकोलीच्या बाजूच्या गावातून येणारी वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. "बाई, सरांचा वर्तुळाचा पाठ टाका ना ग्रुपवर. बाकीचे सगळे हायेत आमच्याकडं, तेवढाच न्हाय."

"सगळे बघता तुम्ही?" मी विचारलं.

"रोज. आईच्या मोबाइलवर चौघी जणी बसतो. सर लिहून घ्या म्हणतात तवा लिहून घेतो. तुमचा पाठ लय पळतो बाई, थांबवायला गेलं की आईचा मोबाइल अडकतो."

मी तिला म्हटलं, जा, घंटा होईल. आणि तिथेच बसून दुसरं पत्र लिहिलं. मग उठून मोठ्या बाईंकडे गेले आणि ते दिलं. हे फार वाईट उतरलं होतं, दोन ठिकाणी खाडाखोड. फाइली मी वाटल्या, म्हणून आकडे कमी, आलेख चुकीचा जोडला, चूक माझी. मोठ्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, हे बैठकीतच सांगायचं होतं ना!" पाठ पुन्हा सुरू करायला लगेच हो म्हणाल्या. ते सोपं होतं.

सरांना शोधत गेले तेव्हा ते नववीच्या वर्गात एकटे बसून वह्या तपासत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फाइली, ग्रुप, लाल गोल. त्यांनी वही मिटली.

"मला ठाऊक होतं बाई."

मला वाटलं, त्यांना आत्ता त्या मुलीने सांगितलं असेल.

"तेव्हाच ठाऊक होतं. पोरं रस्त्यात थांबवून सांगायची, सर, तुमचा पाठ आला मोबाइलमध्ये. कुणी पाठवला विचारलं तर म्हणायची, बाईंनी." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणून तर मीटिंगमध्ये मी तुम्हालाच विचारलं. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

मी म्हटलं, "सर, चुकलं माझं." त्यांनी मान हलवली आणि समोरची खुर्ची सरकवून दिली. "बसा," म्हणाले. मग वर्तुळ रेकॉर्ड कराल का असं मी विचारलं. पाया पडायचीच बाकी होते. ते म्हणाले, "बघू." तसं 'बघू' मी माझ्या वडिलांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलं होतं, त्याचा अर्थ मला कळतो.

सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझे आभार मानले, चित्रण केल्याबद्दल. त्यांची भूमिती आता चॅनेलवर आहे, सुविचारासकट, आणि फाइलीही ग्रुपवर आहेत. वर्तुळ मात्र मी केलं. तीन आखूड तुकडे, आकृत्या रंगीत, मध्ये प्रश्न. आलेख बघाल तर रेघ शेवटपर्यंत सपाट, कुठे गळती नाही. बैठकीत नमुना म्हणून तोच दाखवतात.

माझा तो पाठ ग्रुपवर टाका असं मात्र मला अजून एकाही मुलाने म्हटलेलं नाही.