ग्लेनची राहिलेली मुलाखत

फ्लॉसी डाबरे वसईत लोकांना नोकऱ्या लावून द्यायची. माणूस मुलाखतीला गेला नाही, की शिव्या मात्र तिने खायच्या. शनिवारी नंदाखालचा ग्लेन गोखिवऱ्याच्या कारखान्यात फिरकलाच नाही. सोमवारी तिने त्याला मोबाइलवर मेसेज धाडला, ‘शनिवारी मुलाखतीला आला नाहीस, काही कळवलंही नाहीस. नोकरीची इच्छा आहे की दुसऱ्याचं नाव देऊ?’

ग्लेनचा लगेच फोन आला. "आंटी, इच्छा आहे हो! मावसबहिणीच्या लग्नाचं उंबराचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायला निघालो होतो. ऐनवेळी क्लॅरिनेटवाला आला नाही, मग मलाच वाजवावं लागलं."

"एक फोन करायला काय झालं होतं?"

"दोन्ही हात गुंतलेले."

"आणि तोंड?"

"तेही."

फ्लॉसीला हसू दाबवेना. तिने कारखान्याच्या मॅनेजरना जे घडलं ते सांगून टाकलं आणि आणखी एक संधी मागितली.

"बाई, पुन्हा लग्न निघालं तर?"

"साहेब, परवा राखेचा बुधवार. मग ईस्टरपर्यंत आमच्यात लग्नं लागत नाहीत."

"बरं, गुरुवारी पाठवा. पण ईस्टरनंतर काय?"

"रजेचा अर्ज देईल, साहेब. वाजवायला जायच्या आधी."