आठचा भोंगा

आज तर कमालच झाली! शेजारच्या काकांचा आवाज पुन्हा गल्लीभर घुमला.

काका फॅक्टरीत माल तपासायचे आणि पास झालेल्या मालावर खडूने खूण करायचे. रिटायर झाल्यावर पहिला महिना भेडाघाटची सहल, पाहुणे, मजाच मजा. नंतर मात्र सकाळी आठला फॅक्टरीचा भोंगा वाजला की ते बूट घालून घराच्या फाटकापर्यंत यायचे आणि तिथेच थबकायचे. पुढे दाढी करणं सुटलं, झोप उडाली. काकूंच्या पोळ्यांनाही ते नापास करू लागले. एकदा मला म्हणाले, "आता मला कोणी काही विचारूनच नाही राहिलं."

म्हणून परवा मी मुलीच्या सायकलचा ब्रेक त्यांना तपासायला दिला. आज पाहते तर फाटकाशी सायकलींची ही मोठी रांग! काका गुळगुळीत दाढी करून, हातात खडू घेऊन दूधवाल्यावर ओरडत होते, "ये नहीं चलेगा, भैया! ब्रेक कसून आणा, मग पाहतो."

तेवढ्यात भोंगा वाजला. मी श्वास रोखून काकांकडे पाहिलं.

ते चाकाशी वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.