परवा दुपारी बाराला शंभर

आकडेमोडीत मी सहसा चुकत नाही. चुकले ती मराठीत, आणि तीही मराठी माणसाशी बोलताना. आमच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलतात, पण बेंगळुरात राहून त्या मराठीचं जे काही झालंय ते आम्हाला कळत नाही. आम्हाला वाटतं आम्ही शुद्धच बोलतो. नव्वदच्या दशकातल्या त्या मंगळवारपर्यंत मीही तशाच घमेंडीत होते.

तेव्हा मी बेंगळुरातल्याच शिवाजीनगरजवळच्या एका दवाखान्यात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ होते. वय चोवीस, तोंड फटकळ, छातीवर किरणं टिपणारा फिल्म बॅज. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की गळ्यात ज्या चुकार पेशी उरतात, त्या मारायला आमच्याकडे किरणोत्सारी आयोडीन पाजायचे. ते मुंबईहून विमानानं यायचं, शिशाच्या जाड भांड्यात इवलीशी बाटली. त्याला साठवून ठेवायची सोय नाही, कारण ते बसल्या जागी कमी होतं. आठ दिवसांत निम्मं.

त्या मंगळवारी ज्यांच्यासाठी ते यायचं होतं त्या अक्का के. आर. पुरमच्या. शाळेत शिक्षिका, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातल्या. हा डोस घ्यायचा तर आधी सहा आठवडे थायरॉइडच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, म्हणजे उरलेल्या पेशी आयोडीनला भुकेल्या होतात. पण त्या सहा आठवड्यांत माणसाचं भजं होतं. अक्कांचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता, भर उन्हात अंगात स्वेटर. वर दोन आठवडे आयोडीनवालं मीठ बंद, म्हणजे जेवण अळणी. "वर्गातल्या पोरांची नावं आठवत नाहीत गं," त्या मला म्हणाल्या, "हजेरी घेताना वहीत बघून त्यांच्या तोंडाकडे बघत राहते." हे सांगताना त्यांचे डोळे भरले आणि मला इतका राग आला, कुणावर ते माहीत नाही.

त्यांचे यजमान रेल्वेत होते, त्यामुळे त्यांचा वेळापत्रकावर भारी विश्वास. "आठ दिवसांत निम्मं, म्हणजे सोळा दिवसांत गाडी रिकामी. सरी ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो अण्णा. पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याचं निम्मं. शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर, मग अदपाव, मग छटाक."

"आणि छटाकाचं?"

"त्याचंही निम्मं."

"म्हणजे ही गाडी कधी पोचतच नाही," ते म्हणाले आणि रेल्वेतल्या माणसाच्या सहानुभूतीनं मान हलवली.

तर त्या मंगळवारी सकाळी मी मुंबईला फोन लावला. लाइनीत इतकी खरखर की पलीकडचा माणूस जणू पोहे तळत होता. बाटली निघालीय, दुपारी पोचेल, असं तो म्हणाला. मी ओरडले, "ॲक्टिव्हिटी किती?" किरणोत्साराचा जोर मिलिक्युरीत मोजतात. तो ओरडला, "शंभर मिलिक्युरी! परवा दुपारी बाराला शंभर!" आणि लाइन तुटली.

मी झटकन कागद ओढला. परवा म्हणजे रविवार. रविवारी दुपारी बाराला शंभर, तर आज मंगळवारी बाराला किती? क्षयाचा स्थिरांक म्हणजे ०.६९३ भागिले आठ, ०.०८६६ दर दिवसाला. दोन दिवसांचे ०.१७३. e चा तेवढा ऋण घात घेतला की उरलेला अंश ०.८४१. म्हणजे चौऱ्याऐंशी मिलिक्युरी. दोनदा तपासलं. गणित अगदी बरोबर होतं, तीच तर गंमत.

आमचे डॉक्टर कन्नड, सज्जन, आणि हट्टी. त्यांनी अक्कांना शंभर लिहून दिले होते आणि त्यांच्या लेखी शंभर म्हणजे शंभर. "कमी दिलं तर पेशी अर्धमेल्या होतात आणि पुढच्या वेळी आयोडीन घेतच नाहीत," ते म्हणाले. "चौऱ्याऐंशीवर मी सही करणार नाही. पुढची बाटली महिन्यानं येईल. त्यांना घरी जाऊ दे."

महिन्यानं! म्हणजे आणखी महिनाभर गोळ्या नाहीत, मीठ नाही, पोरांची नावं नाहीत. ते सांगायला मलाच जावं लागलं. अक्का उठल्या. पिशवी उचलली, स्वेटरची बटणं लावायला लागल्या आणि तिसरं बटण चौथ्या काजात घातलं. ते मी नीट करून दिलं. साडेअकराला दोघं बसस्टँडकडे निघाली.

बाराला बाटली आली. विभागाचा नियम होता, आधी मोज, मग कागद वाच. कागदावरचा आकडा आधी पाहिला की डोळे तोच आकडा शोधतात, असं डॉक्टर म्हणायचे. म्हणून पाकीट बाजूला ठेवलं, चिमट्यानं बाटली मोजणीच्या यंत्रात सोडली आणि पाहते तो काय, ११८.९!

हात्तिच्या! वाटेत वाढलं की काय? जगात दूध उतू जातं, महागाई वाढते, पण आयोडीन वाढल्याचं कुणी ऐकलंय? मला वाटलं यंत्र बिघडलं. तपासायला ठेवलेला सीझियमचा नमुना घातला. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षं, तो इतक्यात दगा देत नाही. तीन वर्षांपूर्वी दोनशे मायक्रोक्युरी होता, आज १८७ हवा. आला १८७. यंत्र ठणठणीत. परत बाटली घातली. परत ११८.९.

मग मी ११८.९ ला ८४.१ नं भागलं. उत्तर आलं १.४१४.

आईशप्पथ, मी खुर्चीवरून उडालेच. १.४१४ कोण ओळखत नाही? दोनचं वर्गमूळ! आठ दिवसांत दुपटीचा फरक पडतो, तर वर्गमूळ दोनचा फरक पडायला त्याच्या निम्मे, चार दिवस. मी बरोबर चार दिवस चुकले होते. रविवार ते गुरुवार. पाकीट टराटरा फाडलं. आत स्वच्छ छापलं होतं, गुरुवार, दुपारी बारा, शंभर. म्हणजे त्या मुंबईकराचा परवा पुढचा होता! माल पोचून वापरेपर्यंतच्या दिवसांचा हिशेब धरून पुढची तारीख टाकायची त्यांची पद्धत. आणि आमच्या घरात पुढच्या परवाला कन्नडातलं 'नाडिद्दु' म्हणतात. 'परवा' आम्ही फक्त मागच्यासाठी, कन्नडातल्या 'मोन्ने'साठी, ठेवलाय. रविवारी सुट्टीच्या दिवशी कोण कशाला मोजत बसेल, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही.

डॉक्टरांकडे धावले. "सर, परवा म्हणजे मोन्ने नाही, नाडिद्दु!"

"दोन्हींना एकच शब्द?" डॉक्टर उभेच राहिले. "तुम्ही लोक लग्नाला वेळेवर पोचता कसे?"

"नाही पोचत, सर!"

"मग पळ," ते म्हणाले. "आणि त्यांनी काही खाल्लं नसेल तरच. पोट रिकामं हवं."

पोट! अक्का सकाळपासून उपाशी होत्या आणि आता त्यांना उपाशी ठेवणारं कुणी नव्हतं. मी पांढऱ्या कोटासकट रिक्षात उडी मारली. "स्वल्प बेग होगि!" जरा लवकर चला म्हटल्यावर त्या रिक्षावाल्यानं जी रिक्षा सोडली, ती दोन म्हशी आणि एका फळांच्या गाडीच्या मधून तिरकी. मी हसत होते का रडत होते, देव जाणे.

बसस्टँडवर त्या नव्हत्या. एक फलाट, दुसरा फलाट, छे. मग समोरच्या दर्शिनीत, जिथे उभ्यानं खातात, तिथे तो स्वेटर दिसला. अख्ख्या शिवाजीनगरात त्या उन्हात स्वेटर घालणारं एकच माणूस होतं. अण्णांनी बायकोचं दुःख हलकं करायला मसाला डोसा आणला होता. लोणी ओघळतंय, बाजूला चटणी, खारट सांबार. अक्कांनी तुकडा मोडला होता, हात तोंडाकडे निघाला होता.

"खाऊ नका!" मी दारातूनच किंचाळले. "त्या डोशाला हात लावू नका!"

सगळी दर्शिनी थिजली. पांढरा कोट, छातीवर बिल्ला, म्हणजे मी अन्नखात्याची बाई! एकानं तोंडातला घास परत ताटलीत ठेवला. दोघांनी ताटल्या ढकलल्या. गल्ल्यावरचा मालक हात जोडत पुढे आला, "मॅडम, बटाटा आजचाच आहे, आईची शपथ!"

"बटाटा उत्तम आहे हो," मी धापा टाकत म्हटलं. "बाईच किरणोत्सारी व्हायच्या आहेत!" यानं कुणाचंच समाधान झालं नाही.

अक्कांच्या हातात तो तुकडा तसाच. "खाल्लं का काही? एक घास तरी?" मी विचारलं. त्यांनी सावकाश मान हलवली. नाही. "अक्का, शंभर आहे. शंभराहून जास्त आहे. चूक माझी. मी परवा उलटा मोजला."

त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत सगळं उशिरा पोचायचं. मी वाट पाहिली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. घोगऱ्या आवाजात त्या हसत सुटल्या, थांबेचनात. अण्णांनी डोसा उचलला, "मी खाऊ शकतो ना?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत संपवला.

दोनला सगळं तयार होतं. तोवर बाटलीत ११८ उरले होते. शंभराला ११८ नं भागलं, बाटलीतल्या पाच मिलीनं गुणलं, ४.२४ मिली. तेवढं काढून पेल्यात घातलं, पाणी ओतलं, नळी लावली. डॉक्टरांनी सही केली. शिशाच्या पडद्यामागून मी पेला पुढे सरकवला आणि अक्कांनी शेवटच्या थेंबापर्यंत ओढला. मग पाणी ओतून पेला धुतला, तेही प्यायल्या.

"झालं?"

"झालं, अक्का."

मला इतका आनंद झाला की नियम-बियम विसरून मी पडद्याच्या बाहेर पाऊल टाकलं, त्यांचा हात धरायला. अक्का चटकन मागे सरकल्या. सहा आठवड्यांत त्यांना इतक्या चपळाईनं हलताना मी पाहिलं नव्हतं.

"ए पोरी, हो मागे!" वर्गात दटावावं तशा त्या ओरडल्या. "आता मीच ते आयोडीन आहे. तुझं अजून लग्न व्हायचंय, मुलंबाळं व्हायचीत. जा बघू बाहेर."

मी दाराबाहेर गेले. त्या पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून बसल्या आणि हातानं मला आणखी मागे, आणखी मागे सारत राहिल्या.